‘कमिशन शून्य’ आणि मध्यदराची मोजपट्टी

परदेशी विद्यापीठांची फी भरायचे दिवस आले की पालकांमध्ये एक वाद हमखास सुरू होतो. एक म्हणतो, ‘मोबाइलवर डॉलर ८५ दिसत होता आणि बँकेनं ८६.४० लावला, ही सरळ लूट आहे.’ दुसरा म्हणतो, ‘मोबाइलवरचा दर कुणालाच मिळत नसतो. बँकेनं काय फुकट काम करायचं?’ दोघंही आपापल्या जागी थोडे बरोबर आहेत, पण दोघंही चुकीच्या प्रश्नावर भांडत आहेत. बँकेनं कमवावं की नाही, हा मुद्दाच नाही. ती माझ्याकडून नेमके किती टक्के घेते आहे आणि तो आकडा मला व्यवहाराआधी का सांगत नाही, हा मुद्दा आहे. माझं मत स्पष्ट आहे: परकीय चलन विकणाऱ्या प्रत्येकानं आपला दर मध्यदरापेक्षा किती टक्के वर आहे हे व्यवहाराआधी लेखी सांगायला हवं. आणि जोवर ते सांगत नाहीत, तोवर ग्राहकानं ते स्वतः काढायला हवं. त्याला पाचवीच्या गणितापलीकडे काहीही लागत नाही.

आधी मध्यदर म्हणजे काय ते पाहू. बँका एकमेकींशी ज्या बाजारात डॉलर-रुपयाची उलाढाल करतात, तिथे एका क्षणी कुणी ८४.९९ ला डॉलर घ्यायला तयार असतो, तर कुणी ८५.०१ ला विकायला. या दोन्हींचा मध्य, ८५.००, हा मध्य-बाजार दर. आपल्याला देऊ केलेला दर घ्यायचा, त्यातून मध्यदर वजा करायचा, उरलेल्याला मध्यदरानं भागायचं आणि शंभरनं गुणायचं. ८६.४० वजा ८५ म्हणजे १.४०. भागिले ८५, गुणिले १००, म्हणजे १.६५ टक्के. हा मार्कअप. आपण डॉलर विकत असू, म्हणजे परदेशातून आलेले पैसे रुपयांत घेत असू, तर वजाबाकी उलटी करायची: मध्यदरातून देऊ केलेला दर वजा.

एवढं सोपं असताना लोक चुकतात कुठे? पहिली चूक दराशी नाही, शुल्काशी निगडित आहे. समजा, दहा हजार डॉलर पाठवायचे आहेत आणि मध्यदर ८५ आहे. एक विक्रेता म्हणतो, ‘कमिशन शून्य’, दर ८६.४०. दुसरा म्हणतो, दर ८५.५०, पण पाठवण्याचं शुल्क करासकट २,६८० रुपये. पहिल्याची जाहिरात मोठ्या अक्षरांत असते, म्हणून गर्दी तिथे. आता हिशेब मांडा. मध्यदरानं दहा हजार डॉलरचे साडेआठ लाख रुपये होतात. पहिला ८,६४,००० घेतो, म्हणजे चौदा हजार जास्त, १.६५ टक्के. दुसरा ८,५५,००० अधिक २,६८० घेतो, म्हणजे ७,६८० जास्त, ०.९० टक्का. कमिशन न घेणारा जवळजवळ दुप्पट महाग निघाला.

पण याच दोघांकडून फक्त तीनशे डॉलर पाठवायचे असले तर? मध्यदरानं २५,५०० रुपये. पहिला २५,९२० घेईल, ४२० रुपये जास्त, तोच १.६५ टक्के. दुसरा २५,६५० अधिक २,६८० घेईल, म्हणजे २,८३० जास्त, अकरा टक्क्यांहून अधिक! तेव्हा ‘स्वस्त कोण?’ या प्रश्नाला रकमेशिवाय उत्तरच नसतं. या उदाहरणात डॉलरमागे नव्वद पैशांचा फरक आहे, तो २,६८० रुपयांच्या शुल्काला कुठे गाठतो हे भागाकारानं निघतं: साधारण २,९८० डॉलरवर. त्याखाली पहिला परवडतो, त्यावर दुसरा. म्हणून दराशी दर कधीच ताडायचा नाही. खिशातून गेलेले एकूण रुपये भागिले समोरच्याच्या खात्यात पोचलेले डॉलर, हा झाला खरा दर. मध्यदराशी ताडायचा तो हाच.

‘पोचलेले’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. परदेशी पाठवणीच्या अर्जावर शुल्क कुणी सोसायचं त्याचा एक रकाना असतो. तिथे OUR असेल तर सगळं शुल्क पाठवणारा भरतो. SHA असेल तर वाटेतल्या बँकेचं शुल्क पाठवलेल्या रकमेतूनच कापलं जाऊ शकतं. वरच्या ‘कमिशन शून्य’ व्यवहारात वाटेत पंचवीस डॉलर कापले गेले, तर विद्यापीठाच्या खात्यात ९,९७५ पडतात. ८,६४,००० भागिले ९,९७५ म्हणजे ८६.६२, आणि मार्कअप १.६५ वरून १.९० टक्क्यांवर जातो. शिवाय विद्यापीठ पंचवीस डॉलर थकबाकी दाखवतं, आणि तेवढ्यासाठी पुन्हा एक पाठवणी करावी लागते. ती किती टक्क्यांना पडते हे वरच्या तीनशे डॉलरच्या हिशेबावरून ताडता येईल.

आता विरोधी बाजूचा सर्वांत जोरदार मुद्दा. मध्यदराला प्रत्यक्ष व्यवहार कुणीच करत नाही. तो दोन किमतींमधला एक गणिती बिंदू आहे. मोठ्या बँकेलाही डॉलर हवे असतील तर ती विक्रेत्याचा भाव देते. मग सामान्य ग्राहकाला त्या बिंदूशी तुलना करायचा काय अधिकार? मार्केट यार्डातला क्विंटलचा भाव दाखवून गल्लीतल्या भाजीवाल्याशी भांडण्यासारखंच हे नाही का? मुद्दा खरा आहे, तो मी मान्य करतो. मध्यदर मिळालाच पाहिजे अशी मागणी करणारा माणूस बाजार समजून घेत नाही. पण मध्यदर ही किंमत नसेल तर मोजपट्टी म्हणूनही बाद ठरते, हे कुठल्या तर्कानं? आणि भाजीवाल्याचंच घ्यायचं तर यार्डातला भाव रोज छापून येतो, आणि भाजीवाला ‘माझा नफा शून्य’ अशी पाटी लावत नाही.

मध्यदर मोजपट्टी म्हणून चालतो हे आपल्या कायद्यानंच मानलं आहे, याची फारशी चर्चा होत नाही. वस्तू व सेवा कराच्या नियमांतला बत्तिसावा नियम परकीय चलनाच्या खरेदी-विक्रीत ‘सेवेचं मूल्य’ किती धरायचं ते सांगतो. त्यातली पहिली पद्धत अशी: बँकेचा खरेदी किंवा विक्रीचा दर आणि त्या वेळचा रिझर्व्ह बँकेचा संदर्भ दर यांतला फरक, गुणिले चलनाची संख्या. म्हणजे कर लावायची वेळ आली की सरकार म्हणतं, बाजाराच्या दरापासून तुमचा दर जितका दूर, तितकी तुमची फी. संदर्भ दर आणि मध्यदर काटेकोरपणे एकच नव्हेत, पण तत्त्व तेच आहे. कर आकारायला जो फरक पुरेसा ठोस आहे, तो ग्राहकाला सांगायला मात्र काल्पनिक कसा होतो?

मात्र याच नियमात दुसरी, टप्प्यांची पद्धत आहे, बँकांना ती निवडता येते, आणि तिनं मोठा गोंधळ होतो. लाखापर्यंतच्या रकमेवर मूल्य एक टक्का, किमान अडीचशे रुपये. लाख ते दहा लाख असेल तर हजार रुपये अधिक लाखावरच्या रकमेचा अर्धा टक्का. दहा लाखांवर साडेपाच हजार अधिक उरलेल्याचा ०.१ टक्का, कमाल साठ हजार. या मूल्यावर अठरा टक्के कर. आपल्या ८,६४,००० रुपयांना हे लावलं तर मूल्य ४,८२० आणि कर सुमारे ८६८ रुपये. पावतीवर ते ८६८ दिसतात आणि पालक समजतात की बँकेची फी ४,८२० असणार. प्रत्यक्षात दरातून घेतलेले चौदा हजार पावतीवर कुठेच नसतात. टप्प्यांचं मूल्य फक्त कर आकारण्यापुरतं मानलेलं असतं. बँकेच्या खऱ्या कमाईशी त्याचा संबंध नाही. त्यामुळे करावरून मार्कअप काढायचा प्रयत्न करू नये. करही खर्चच आहे, तो बेरजेत धरला तर पहिल्या विक्रेत्याचा एकूण बोजा १.७५ टक्क्यांवर जातो. परदेशी पाठवणीवर कापला जाणारा टीसीएस मात्र या हिशेबात धरायचा नाही. तो आपल्याच आयकराच्या खात्यात जमा होतो आणि विवरणपत्रात वळता करून घेता येतो.

दुसरा वजनदार आक्षेप वेळेचा आहे. दर क्षणाक्षणाला हलतो. तुम्ही सकाळी पाहिलेला मध्यदर आणि दुपारी झालेला सौदा यांची तुलना अन्याय्य आहे. अगदी बरोबर. म्हणून सौदा पक्का होण्याच्या मिनिटाला मध्यदर नोंदवायचा. तो बँकेच्या पानावरून नव्हे, तर तिच्याशी संबंध नसलेल्या ठिकाणाहून घ्यायचा, आणि वेळेसकट त्याचं चित्र जपून ठेवायचं. तेवढंही जमलं नाही आणि मध्यदर ८४.९५ ते ८५.०५ यांच्या दरम्यान कुठेतरी होता एवढंच माहीत असेल, तरी ८६.४० चा मार्कअप १.५९ ते १.७१ टक्क्यांच्या मध्येच पडतो. दहा पैशांच्या अनिश्चिततेनं निष्कर्ष बदलत नाही. आंतरबँक बाजारातला हजर दर दोन दिवसांनी होणाऱ्या पूर्ततेचा असतो आणि आपल्याला आजच डॉलर हवे असतात, असाही बारीक आक्षेप जाणकार घेतात. दोन्ही देशांच्या व्याजदरांत वर्षाला दोन टक्क्यांचा फरक धरला, तर दोन दिवसांचा परिणाम साधारण एक पैसा होतो. एकशेचाळीस पैशांचा खुलासा त्या एका पैशानं होत नाही.

व्यवहार होऊन गेल्यावर पडताळणी करायची असेल तर आपल्याकडे सोय आहे. २०१८ च्या जुलैपासून एफबीआयएल ही संस्था डॉलर, पौंड, युरो आणि येन यांचे रुपयातले संदर्भ दर कामकाजाच्या प्रत्येक दिवशी दुपारी जाहीर करते. हे दर त्या दिवशी दुपारच्या सुमाराला झालेल्या व्यवहारांवर बेतलेले असतात. सौदा संध्याकाळी चारचा असेल आणि दिवसभरात रुपया बराच हलला असेल, तर मात्र संदर्भ दर फसवेल.

दर हलतो या सबबीचा इतिहास फार बोलका आहे. अमेरिकेत पेन्शन फंडांची परदेशी गुंतवणूक सांभाळणाऱ्या बँक ऑफ न्यूयॉर्क मेलननं ग्राहकांना ‘सर्वोत्तम दर’ देतो असं सांगितलं होतं. प्रत्यक्षात ती दिवसभरातले आंतरबँक दर बघून ग्राहकाला त्यातल्या सर्वांत वाईट दराच्या जवळचा दर लावत होती. २०१५ साली तिनं ७१.४ कोटी डॉलर देऊन हे खटले मिटवले. पुढच्या वर्षी स्टेट स्ट्रीट या दुसऱ्या मोठ्या बँकेनंही अशाच आरोपांवर किमान ३८.२४ कोटी डॉलर दिले. या व्यवहारांत ग्राहक अडाणी नव्हते. त्यांच्याकडे हिशेबनीस होते, वकील होते. मग ते कसे फसले? कारण त्यांना मिळालेला दर त्या दिवसाच्या चढ-उताराच्या आत बसत होता, आणि तेवढ्यावर ‘बाजार हलला असेल’ असं म्हणून गप्प बसता येत होतं. सौद्याची वेळ नोंदली गेली नाही तर मार्कअप मोजताच येत नाही, हे त्या बँकांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून पावतीवर तारीख पुरेशी नाही, तास-मिनिट हवेत.

तिसरा आक्षेप खर्चाचा. रोकड नोटा आणायच्या, त्यांचा विमा उतरवायचा, सुट्या नोटा जवळ ठेवायच्या, कागदपत्रं तपासायची. याला पैसे लागतात. हेही खरंच आहे. नोटांचा दर तारेनं पाठवायच्या दरापेक्षा महाग असणं रास्त आहे, आणि लहान रकमेवर टक्केवारी जास्त असणंही. पण दहा हजार डॉलरच्या पाठवणीत आणि वीस हजार डॉलरच्या पाठवणीत कागद तेवढेच असतात. खर्च जर ठरावीक असेल, तर तो ठरावीक शुल्कात दिसायला हवा. दरातून घेतलेला मार्कअप रकमेबरोबर दुप्पट होतो. कारकुनाचं काम होत नाही. डॉलर-रुपयासाठी रिझर्व्ह बँकेच्या पुढाकारानं ऑगस्ट २०१९ मध्ये सुरू झालेला एफएक्स-रिटेल हा मंच नेमकं हेच वेगळं करतो: दर बाजारातून मिळतो, बँकेचं शुल्क आधी जाहीर आणि वेगळं. जे एका मंचावर शक्य आहे ते शाखेच्या काउंटरवर अशक्य का?

काउंटरवरची भाषाही इथे आड येते. शाखेत सकाळी येणारा ‘कार्ड रेट’ दिवसभराच्या चढ-उताराची उशी ठेवून बांधलेला असतो. मोठ्या रकमेसाठी शाखा ट्रेझरीला, म्हणजे बँकेच्या चलन-व्यवहार पाहणाऱ्या विभागाला, फोन करून त्या क्षणाचा दर मागवू शकते; पण तसं मागावं लागतं. आणि तिथे सगळी बोलणी पैशांत होतात: ‘पन्नास पैसे मार्जिन आहे साहेब, यात काय!’ डॉलरवर पन्नास पैसे म्हणजे ०.५९ टक्का. आखातात काम करणाऱ्या माणसाच्या दिरहॅमवर तेच पन्नास पैसे किती होतात? दिरहॅम डॉलरला ३.६७२५ या ठरलेल्या दरानं बांधलेला आहे. म्हणून डॉलरचा मध्यदर ८५ असताना दिरहॅमचा मध्यदर ८५ भागिले ३.६७२५, म्हणजे २३.१४ रुपये येतो. त्यावर पन्नास पैसे म्हणजे २.१६ टक्के, जवळजवळ चौपट. रत्नागिरीला किंवा मडगावला घरी पैसे पाठवणारा जेव्हा ‘फक्त पन्नास पैसे कमी दिले’ असं म्हणतो, तेव्हा महिन्याला पन्नास हजारांमागे हजारभर रुपये सोडत असतो. पैशांतलं मार्जिन एका चलनापुरतंच अर्थपूर्ण असतं. टक्के सगळीकडे एकाच अर्थानं बोलतात. येनचा दर शंभर येनमागे दिलेला असतो हेही पाहून घ्यावं, नाहीतर उत्तर भलतंच येतं.

काही जण मध्यदर शोधायचे कष्ट वाचवण्यासाठी त्याच विक्रेत्याच्या खरेदी आणि विक्री दरांची सरासरी काढतात. ती पद्धत टाकून द्यावी. विक्रीचा दर ८६.४० आणि खरेदीचा ८४.२० असेल तर सरासरी ८५.३० येते आणि मार्कअप १.२९ टक्केच वाटतो. खरा १.६५ आहे. विद्यार्थ्यांच्या हंगामात डॉलर घेणारेच जास्त असतात, तेव्हा विक्रेता आपले दोन्ही दर वर सरकवतो. मोजपट्टीच त्याच्याकडून घेतली तर तिच्यावरचे आकडेही त्यानंच लिहिलेले असतात.

या सगळ्यावर शेवटचं अस्त्र असतं ते असं: ग्राहकाला टक्केवारी कळत नाही, उगाच गोंधळ होईल. इतिहास काही वेगळं सांगतो. पेशवाईत आपल्या मुलखात अंकुशी, चांदवडी असे कितीतरी रुपये एकाच वेळी चालत आणि एका रुपयाचा दुसरा करून घ्यायचा तर सराफ बट्टा घेई. तो बट्टा शेकड्यात बोलला जाई. सराफ गोरगरिबांना नाडत नसत असं मुळीच नाही. पण बट्टा किती हे निदान विचारता येत होतं, आणि त्यावर घासाघीस करता येत होती. कंपनी सरकारनं १८३५ मध्ये एकच रुपया आणला तेव्हा घरगुती बट्टा हळूहळू संपला. परकीय चलनातला बट्टा मात्र शिल्लक आहे, फक्त तो दरात लपला आहे.

युरोपीय संघानं याला उत्तर शोधलं आहे. तिथे एप्रिल २०२० पासून, कार्डानं पैसे काढताना किंवा देताना चलन बदलायचं असेल, तर युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या संदर्भ दरापेक्षा एकूण किती टक्के जास्त घेतले जात आहेत ते व्यवहाराआधी दाखवणं बंधनकारक आहे. शुल्क आणि दर मिळून एकच टक्केवारी. तो नियम कार्डांपुरता आहे आणि संदर्भ दर दिवसातून एकदाच ठरतो, या त्याच्या मर्यादा आहेत. पण त्यानं कुठलीही बँक बुडाली नाही की दर ठरवण्याचं कुणाचं स्वातंत्र्य गेलं नाही. तीन टक्के घ्यायचे असतील तर घ्या. फक्त तीन लिहा.

आपल्याकडे हे लिहिलं जात नाही तोवर शाखेत बसून विचारायचे प्रश्न मोजकेच आहेत. ‘दहा हजार डॉलर समोरच्या खात्यात पूर्ण पोचवायचे आहेत, माझ्या खात्यातून एकूण किती रुपये जातील?’ हा पहिला. उत्तर आलं की त्यातला कर बाजूला काढायचा, उरलेल्या रुपयांना दहा हजारांनी भागायचं आणि त्या मिनिटाच्या मध्यदराशी ताडायचं. दुसरा प्रश्न: ‘हा कार्ड रेट आहे की ट्रेझरीचा?’ मार्कअप एका टक्क्याच्या वर निघाला तर तो आकडा टक्क्यांतच बोलून दाखवायचा आणि ट्रेझरीला पुन्हा विचारायला सांगायचं. नवा दर आला तर मध्यदरही नव्यानं पाहायचा, कारण दहा मिनिटांत बाजार खाली आला असेल तर कमी झालेला दर ही सवलत नसते. दर पक्का झाला की पावतीवर सौद्याची वेळ लिहून मागायची.